एक दिवस, सात दिवस आणि अनामत: कोल्हापुरातल्या एका कॅमेरा रेंटलचं प्रकरण

कोल्हापुरातल्या एका छोट्या कॅमेरा रेंटलच्या हिशेबात मी दीड वर्ष हात घातला होता. मालकाच्या परवानगीने ते प्रकरण इथे मांडतो आहे. त्याची, दुकानाची आणि गिऱ्हाइकांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे त्याच्या वहीतले आहेत, वाचायला सोपे जावेत म्हणून काही ठिकाणी पूर्णांकात घेतले आहेत.

पार्श्वभूमी

मालक स्वतः लग्नाचे फोटो काढायचा. ऑर्डर नसलेल्या दिवशी कॅमेरा कपाटात पडून असायचा, आणि ओळखीचे फोटोग्राफर तो मागून न्यायचे. त्यातूनच भाड्याचा धंदा उभा राहिला. २०२३ मध्ये त्याच्याकडे दोन सोनी ए७ फोर बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे, एक कॅनन बॉडी, २४-७० आणि ७०-२०० मिलिमीटरच्या एफ २.८ लेन्स, एक ८५ मिलिमीटरची लेन्स, कॅमेरा स्थिर धरणारे दोन गिंबल, लाइट आणि वायरलेस माइक होते. सगळं मिळून चौदा लाखांचं सामान. त्यातले आठ लाख कर्जाचे.

गिऱ्हाईक मुख्यतः लग्नाचं. त्याखालोखाल प्री-वेडिंग शूटवाले, यूट्यूबवाले आणि अधूनमधून लघुपट करणारी कॉलेजची मुलं. लग्नाच्या फोटोग्राफरला कॅमेरा लागतो तो तिथीला. तुळशीचं लग्न झालं की मागणी सुरू होते, डिसेंबरच्या मध्यानंतर थोडी ओसरते, फेब्रुवारीत आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा चढते. आषाढी ते कार्तिकी या चातुर्मासात दुकानात शुकशुकाट असतो. या धंद्याचं पंचांगाशी इतकं जवळचं नातं आहे, पण त्याचा दरपत्रकात कुठेही पत्ता नव्हता.

दरपत्रक एका ओळीचं होतं. बॉडीला दिवसाला १,२०० रुपये, आठवड्याला ४,८०० म्हणजे चार दिवसांचे पैसे. अनामत सरसकट ५,००० आणि मूळ आधार कार्ड. दिवसाचा दर त्याने काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका दुकानाचा बघून, थोडा कमी करून ठेवला होता. आठवड्याचा 'चार दिवसांत सात दिवस' हा नियमही ऐकीव होता. चारच का, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

अडचण कशी उघडी पडली

डिसेंबर २०२३ मध्ये शेजारच्या तालुक्यातल्या एका फोटोग्राफरने एक बॉडी आणि २४-७० आठवड्यासाठी नेली. आठवड्यात तीन दाट तिथी होत्या. त्यातल्या एका तिथीला मालक स्वतः एका कार्यालयात ऑर्डरवर होता. तिथे त्याला आपलाच कॅमेरा तिसऱ्याच माणसाच्या गळ्यात दिसला. पट्ट्याला त्याने पिवळी चिकटपट्टी लावलेली असते, त्यावरून ओळखला. चौकशी केली तेव्हा कळलं की तो माणूस दिवसाला १,५०० देऊन तो घेऊन आला होता. म्हणजे आठवड्याच्या दराने न्यायचा आणि तिथीच्या दिवशी दुसऱ्याला दिवसाच्या दराने द्यायचा, असा पोटभाड्याचा धंदा आमच्याच दरपत्रकाच्या जोरावर चालला होता.

सामान परत आलं तेव्हा वरवर सगळं ठीक दिसत होतं. दोन दिवसांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार आली, ग्रुप फोटोत उजवीकडची माणसं पुसट येतात. मालकाने दुकानामागच्या उघड्या विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, भिंतीला अगदी समांतर, आणि २४ मिलिमीटर, एफ २.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून, फोटो काढला. डावीकडच्या विटांचे सांधे रेघेसारखे स्पष्ट, उजवीकडचे पीठ लावल्यासारखे. छिद्र लहान करून एफ ८ वर तोच फोटो काढला तर दोष जवळजवळ दिसेनासा झाला. लेन्स कुठेतरी आपटली होती आणि आतल्या काचा एका बाजूला सरकल्या होत्या. बाहेर एक ओरखडाही नव्हता.

दुरुस्तीचा खर्च २६,५०० सांगितला आणि लेन्स अठरा दिवस सर्व्हिस सेंटरला राहिली. हातात अनामत ५,०००. फोटोग्राफर म्हणाला, "दादा, माझ्याकडं आली तेव्हाच तशी असेल, मला काय माहीत?" नेताना आणि आणताना काही तपासलेलं नव्हतं, लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे त्याला खोडून काढायला आमच्याकडे काहीही नव्हतं. मूळ आधार कार्ड मालकाकडे होतं, पण त्याने काय साधणार? कार्ड हरवलं म्हणून कुणीही नवं मागवू शकतो. अखेर ५,००० वळते करून विषय संपला. तो गेल्यावर मालक वही घेऊन माझ्याकडे आला. "काका, तिथीला बॉडी कधी मोकळी नसते, आणि हप्त्याला पैसे कमी पडतात. असं कसं?"

वहीत काय सापडलं

आम्ही एकच बॉडी निवडली आणि २०२३ च्या पूर्ण वर्षाची नोंद काढली. वहीत दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात मिसळल्या होत्या: बॉडी किती दिवस दुकानाबाहेर होती आणि किती दिवसांचे पैसे मिळाले. त्या वेगळ्या केल्या तेव्हा चित्र स्पष्ट झालं. बॉडी १५६ दिवस बाहेर होती. पैसे मिळाले ९२ दिवसांचे, म्हणजे १,१०,४०० रुपये.

मधले ६४ दिवस दोन ठिकाणी गळले होते. वर्षात आठवड्याची बारा भाडी झाली, म्हणजे ८४ दिवस, आणि त्यांचे पैसे ४८ दिवसांचे. इथे ३६ दिवस गेले. उरलेले ७२ दिवस एकेका दिवसाच्या भाड्याचे होते, त्यांचे पैसे फक्त ४४ दिवसांचे. कारण 'एक दिवस' म्हणजे काय हे कुठेच ठरलेलं नव्हतं. आदल्या दुपारी हळदीला म्हणून न्यायचं, लग्न उरकायचं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, "रात्री उशीर झाला हो दादा," म्हणत आणायचं. पैसे मात्र एका दिवसाचे. इथे २८ दिवस गेले. सगळ्यांची नजर आठवड्याच्या सवलतीवर होती, पण जवळजवळ तेवढीच गळती दिवसाच्या व्याख्येत होती. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत उपयोगी शोध होता, आणि तो लावायला फक्त वहीत एक रकाना वाढवावा लागला.

मग त्या बॉडीचा महिन्याचा खर्च मांडला. ती २,१०,००० ला घेतलेली. तीन वर्षांनी विकली तर ९०,००० येतील असं धरलं, म्हणजे किमतीतली घट महिन्याला ३,३३३. अडकलेल्या पैशाचं व्याज १,५००. सफाई, पट्टे, बॅटऱ्या यांचे ७००. दुकानाचं भाडं, पोराचा पगार आणि लाइट बिल मिळून महिन्याला ३०,००० जातात. ते सामानाच्या किमतीच्या प्रमाणात वाटले तर या बॉडीच्या वाट्याला ४,५०० येतात. वर्षाला किमतीच्या तीन टक्के नुकसानीसाठी बाजूला, म्हणजे महिन्याला ५२५. बेरीज साधारण १०,५५०, वर्षाचे १,२६,६००.

म्हणजे जी बॉडी तिथीला कधीच मोकळी नसायची, ती वर्षाला १६,२०० रुपये तोट्यात होती, आणि त्यात मालकाच्या स्वतःच्या कष्टाचा एक रुपयाही धरलेला नव्हता. या मांडणीतला सगळ्यात कच्चा आकडा ९०,००० च्या घरातली ती पुनर्विक्रीची किंमत आहे. नवं मॉडेल आलं की जुन्याचा भाव एका महिन्यात पडतो. म्हणून दर सहा महिन्यांनी वापरलेल्या कॅमेऱ्यांचे भाव बघून तो आकडा बदलायचा, असं ठरवलं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सरळ होता: दिवसाचे १,५०० करायचे आणि बाकी जसंच्या तसं ठेवायचं. गावात तोच भाव चालू होता, पोटभाडेकरूनेच तो सिद्ध केला होता. पण आठवडा चार दिवसांच्या पैशांतच राहिला असता तर दिवस आणि आठवडा यांच्यातली दरी आणखी वाढली असती आणि पोटभाड्याला जास्तच वाव मिळाला असता.

दुसरा पर्याय म्हणजे आठवड्याचा दर बंदच करायचा. मालकाचा कल तिकडे होता, कारण रागाचं मूळ तिथे होतं. इथे वहीने आम्हाला थांबवलं. एका दिवसाच्या भाड्याच्या ४४ दिवसांपैकी ३४ दिवस नोव्हेंबर, डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल आणि मे या पाच महिन्यांतले होते. उरलेल्या सात महिन्यांत फक्त दहा. बॉडी आठवड्याच्या भाड्यावर गेली ते आठवडे वगळून बघितलं, तर हंगामात बॉडीला आठवड्याला अडीच दिवसांचं सुटं भाडं मिळत होतं, आणि बिगरहंगामात अर्ध्या दिवसाचंही नाही. म्हणजे ऑगस्टमधलं आठवड्याचं भाडं कुणाचीही जागा अडवत नव्हतं, ते जवळजवळ पूर्ण कमाईचं होतं. खरं नुकसान होत होतं डिसेंबरमध्ये. एकच सवलत बाराही महिने देणं ही चूक होती.

अडीच दिवस हा आकडाही कमी होता, कारण बॉडी बाहेर असल्यामुळे परत गेलेल्या गिऱ्हाइकांची नोंदच नव्हती. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या तीन आठवड्यांत काउंटरवर एक वेगळी वही ठेवली आणि 'नाही' म्हटलेली प्रत्येक चौकशी तारखेसह त्यात लिहिली. अकरा नोंदी झाल्या, त्यातल्या आठ तिथीच्या किंवा शनिवार-रविवारच्या. हंगामातला आठवडा पाच दिवसांच्या पैशांपेक्षा स्वस्त देऊ नये, हे त्या वहीवरून ठरलं.

अनामतीबाबत मालकाला सामानाच्या किमतीच्या दहा टक्के हवे होते. बॉडी आणि २४-७० मिळून ३,९५,००० चं सामान, म्हणजे अनामत जवळपास ४०,०००. सेकंड शूटर म्हणून दिवसाला तीन-चार हजार मिळवणारा मुलगा ४०,००० आणणार कुठून? आणि चोरी करायचीच असेल त्याला ४०,००० भरून चार लाखांचं सामान परवडतंच. ही अनामत चांगल्या गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवते आणि वाईटाला अडवत नाही.

म्हणून आम्ही उलट बाजूने विचार केला: अनामतीने नेमकं काय भरून काढायचं? दोन वर्षांतली मोडतोड वहीतून काढली. एकोणीस प्रसंग. त्यातले चौदा ४,००० च्या आतले: फुटलेला फिल्टर, हरवलेलं हूड, टोपणं, कार्डाच्या कप्प्याचं निखळलेलं दार, आणि सोनीच्या मूळ बॅटरीऐवजी परत आलेली नक्कल. चार प्रसंग ४,००० ते १५,००० मधले. एकच त्याच्या वरचा, तोच तो २६,५०० चा. म्हणजे १५,००० ची अनामत एकोणीसपैकी अठरा प्रसंगांना पुरली असती. त्यापलीकडच्या नुकसानीसाठी करार लागतो आणि चोरीसाठी माणसाची ओळख. ही तीन वेगळी कामं आहेत, आणि आजवर तिन्ही त्या ५,००० वर लादली होती. विम्याची पॉलिसीही नीट वाचली. आग, घरफोडी, अपघात त्यात होते, पण भाड्याने नेणाऱ्यानेच सामान परत न केल्यास भरपाई नव्हती. म्हणूनच ती तीन टक्क्यांची बाजूला ठेवलेली रक्कम आवश्यक होती.

काय केलं

आधी दिवसाची व्याख्या केली. 'लग्नाचा दिवस' म्हणजे आदल्या संध्याकाळी सहा ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा. चोवीस तासांचा काटेकोर नियम आम्ही मुद्दाम घेतला नाही. रात्री बारा वाजता कार्यालयातून निघालेल्या माणसाला दुकानाचं शटर बंद मिळतं, त्याला त्याबद्दल दंड करणं योग्य नव्हे. पण सकाळी दहानंतर प्रत्येक तासाला १५० रुपये, आणि दुपारी चारनंतर पूर्ण दिवस. हा नियम पावतीवर ठळक छापला.

मग दर. पहिल्या मांडणीत पहिला दिवस, दुसरा-तिसरा आणि चौथ्यापुढे असे तीन टप्पे होते, आणि हंगामाला वेगळे. कागदावर ते छान दिसत होतं. काउंटरवरच्या पोराने पहिल्याच आठवड्यात फोनवर दोनदा चुकीचा दर सांगितला, आणि सांगितलेला दर पाळावा लागला. मग ते सोपं केलं. पहिले दोन दिवस १,५०० प्रमाणे. तिसऱ्या दिवसापासून बिगरहंगामात ५००, हंगामात ९००. तिथीचा दिवस मध्ये कुठेही आला तरी १,५००. म्हणजे बिगरहंगामातला आठवडा ५,५०० आणि हंगामातला बिनतिथीचा आठवडा ७,५०० होतो. एका आठवड्यात तिसऱ्या दिवसानंतर दोन तिथी आल्या तर तोच ८,७००.

पायरीपायरीने वाढणाऱ्या या दराचा आणखी एक फायदा होता. पूर्वी चार दिवसांचे आणि सात दिवसांचे पैसे सारखेच होते, त्यामुळे चार दिवसांचं काम असणारा माणूस उरलेले तीन दिवस कॅमेरा घरी ठेवायचा. आता लवकर आणला तर त्याचेही पैसे वाचतात आणि बॉडी आमच्या कपाटात परत येते. लवकर आणल्यावर भांडण होऊ नये म्हणून हिशेब परतीच्या दिवशीच करायचा, असं ठरलं.

अनामत नव्या गिऱ्हाइकाला बॉडी किंवा मोठ्या लेन्ससाठी १५,०००, दोन्ही एकत्र नेले तरी तेवढीच. पाच वेळा वेळेवर आणि नीट परत केलं की ५,०००. माइक, लाइटसारख्या सामानाला २,०००. नव्या माणसाला पहिल्या खेपेला दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. आम्ही ओळखतो अशा एका फोटोग्राफरला त्याच्यासमोर फोन करायचा, आणि त्याच्या घरी किंवा स्टुडिओत आपला माणूस एकदा जाऊन येणार. आधारची आकडे झाकलेली प्रत घ्यायची, मूळ कार्ड तिथेच परत.

करार दर खेपेला केला तर कुणीच वाचत नाही, म्हणून वर्षातून एकदा मुद्रांक कागदावर एक करार आणि दर खेपेला एक पानी पावती. तेव्हा शंभराचा मुद्रांक चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात तो पाचशेचा झाला. करारातली दोन कलमं एका वकिलाने दुरुस्त करून दिली. आम्ही लिहिलं होतं, 'उशीर झाल्यास संपूर्ण अनामत जप्त'. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिली असली तरी वाजवी भरपाईच मिळते, त्यामुळे ते वाक्य धमकीपलीकडे टिकलं नसतं. त्याऐवजी काय कापलं जाईल ते स्पष्ट लिहिलं: सर्व्हिस सेंटरचं बिल, आणि सामान दुरुस्तीत असेपर्यंत जास्तीत जास्त दहा दिवस निम्मं भाडं. दुसरं कलम अधिक महत्त्वाचं होतं. त्याच कायद्याच्या कलम १५२ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर सामान नेणाऱ्याने शहाण्या माणसाइतकी काळजी घेतली असल्यास नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. 'पाऊस अचानक आला, मी काय करणार,' हे उत्तर म्हणून तिथे चालू शकतं. तो वेगळा करार आम्ही शब्दांत लिहून घेतला, आणि पोटभाड्याला मनाईही.

शेवटचा बदल तपासणीचा. नेताना गिऱ्हाइकाच्याच मोबाइलवर एक व्हिडिओ: बॉडी आणि लेन्सचे अनुक्रमांक, पुढची-मागची काच, बॅटऱ्या. तो व्हिडिओ तिथल्या तिथे दुकानाला पाठवायचा. बॅटऱ्यांवर जांभळ्या दिव्याखालीच दिसणाऱ्या पेनने खूण. परतताना भिंतीसमोर एफ २.८ वर तीन फोटो, गिऱ्हाइकाला स्क्रीनवर मोठे करून दाखवायचे. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. ते संपलं की तो दुकानात असतानाच अनामत यूपीआयने परत.

या परतीतच एक जुनी चूक सापडली. अनामतीचे पैसे मालकाच्या रोजच्या खात्यात जायचे. भर हंगामात तिथे दुसऱ्यांचे लाखभर रुपये असायचे आणि मालकाला ते आपले वाटायचे. डिसेंबरमध्ये एकदा कर्जाचा हप्ता त्यातून कापला गेला आणि एका जुन्या गिऱ्हाइकाची अनामत दोन दिवस अडकली. भाव वाढले म्हणून जितकी बोलणी ऐकावी लागली नाहीत तितकी त्या दोन दिवसांत लागली. आता अनामतीचं खातं वेगळं आहे. जीएसटीच्या दृष्टीनेही ते सोयीचं आहे. परत द्यायची अनामत ही उलाढाल नव्हे, पण तिच्यातून नुकसानीपोटी किंवा भाड्यापोटी जे कापलं ते आपलं झालं, आणि त्याचा हिशेब त्याच दिवशी वेगळा दिसायला हवा. मालकाची उलाढाल वीस लाखांच्या आत असल्यामुळे त्याला नोंदणी लागलेली नाही.

मध्येच आलेली अडचण

नवे दर फेब्रुवारी २०२४ मध्ये लावले आणि हंगाम महिन्यांवर ठरवला: नोव्हेंबर, डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल, मे. मेमध्ये फोनच येईनात. त्या वर्षी मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोन्हींचा अस्त असल्याने पंचांगात लग्नाचे मुख्य मुहूर्त नव्हते. बऱ्याच घरांनी लग्नं एप्रिलमध्ये उरकली किंवा तुळशीच्या लग्नापुढे ढकलली. आमचा बोर्ड मात्र ९०० मागत उभा होता. प्री-वेडिंगवाल्या दोघांनी आठवड्याचा दर विचारला आणि महाग म्हणून सोडून दिला. वीस दिवस असे वाया गेल्यावर मालकाने स्वतःच बिगरहंगामी दर लावला. तेव्हापासून हंगाम महिन्यांवर ठरत नाही. दिवाळीच्या सुमारास नवं पंचांग आलं की मालक त्यातल्या लग्नतिथींवर लाल खुणा करतो. ज्या आठवड्यात दोन किंवा जास्त खुणा, तो हंगामी आठवडा. तारखांची ही यादी वर्षाच्या सुरुवातीलाच नेहमीच्या गिऱ्हाइकांना पाठवली जाते.

काय झालं

त्याच बॉडीची फेब्रुवारी २०२४ ते जानेवारी २०२५ ची नोंद अशी आहे. एकेक-दोनदोन दिवसांच्या भाड्याचे ५८ दिवस, ८७,०००. बिगरहंगामात चार दिवसांची चार भाडी, १६,०००. बिगरहंगामी आठवडे पाच, २७,५००. हंगामी आठवडे दोन, १५,०००. उशिराचे ३,३००. एकूण १,४८,८००. खर्च वजा जाता २२,२०० उरले. आदल्या वर्षीच्या तोट्याशी तुलना केली तर एका बॉडीमागे ३८,४०० चा फरक, तोही बॉडी १५६ ऐवजी १२३ दिवसच भाड्यावर असताना. ही मोठी कमाई नव्हे. पण हप्ता आता दुसऱ्याच्या अनामतीतून जात नाही.

आठवड्याची भाडी बारावरून सातवर आली. चौतीस नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी सहा गेले, त्यातले दोन परतले. पोटभाडेकरू पुन्हा आला नाही. नव्या गिऱ्हाइकांपैकी दोघांनी १५,००० ऐकून पाठ फिरवली, त्यातल्या एकाचा संदर्भ कुणीच द्यायला तयार नव्हतं. मोडतोडीचे आठ प्रसंग झाले. सात अनामतीत मिटले. आठव्यात पावसात भिजलेली ८५ ची लेन्स होती, बिल १८,०००. वरचे ३,००० गिऱ्हाइकाने व्हिडिओ आणि करार बघून दोन हप्त्यांत दिले. वाद झाला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

'नाही' म्हटलेल्या चौकशांची वही दर बदलण्याच्या आधी पूर्ण हंगामभर ठेवायला हवी होती. तीन आठवड्यांच्या अकरा नोंदींवर ९०० चा आकडा ठरवला, आणि तो बरोबर आहे असं मला अजूनही ठामपणे म्हणता येत नाही. कदाचित सोमवार ते गुरुवार तो जास्त आहे.

दर आणि अनामत एकाच दिवशी वाढवणं चूक होती. गेलेल्या सहांपैकी तिघांना १,५०० मान्य होते. त्यांना लागलं ते हे की वर्षानुवर्षांची ओळख असून पहिल्या दिवशी नव्या माणसासारखे १५,००० मागितले. पाच खेपांची मोजणी आम्ही त्या दिवसापासून सुरू केली होती, जुन्या वहीतल्या खेपा धरल्याच नव्हत्या. धरल्या असत्या तर त्या तिघांची अनामत पहिल्यासारखी ५,००० च राहिली असती. मालकाने नंतर तिघांना फोन केला. परतलेले दोघे त्यांच्यातलेच. तिसरा म्हणाला, "भावा, आता मी स्वतःची बॉडी घेतली."